क्लिक केलं, सही नाही: अशा कराराचे पैसे वसूल होतात का?

प्रश्न: आमची छोटी कंपनी इतर व्यवसायांना बिलिंगचं सॉफ्टवेअर वर्गणीवर देते. एका ग्राहक कंपनीने जून 2023 मध्ये आमच्या साइटवर खातं उघडताना ‘अटी मान्य’ या चौकटीवर टिक केलं. 2 एप्रिल 2024 ला त्यांच्या खरेदी व्यवस्थापकाचा मेल आला: ‘दर मान्य आहे, 60 युजर 1 एप्रिलपासून वर्षभरासाठी सुरू करा.’ पहिल्या दोन तिमाहींची बिलं त्यांनी भरली, शेवटच्या दोन तिमाहींचे जीएसटीसह 4,24,800 रुपये अडकवले. आता मालक म्हणतात, ‘आमची कुठेही सही नाही, तो मॅनेजर नोकरी सोडून गेला, त्याला अधिकारच नव्हता.’ आमच्या अटींत 24 टक्के व्याज आणि लवादाचं कलम आहे. जानेवारी 2025 मध्ये अटी सुधारल्या तेव्हा ते घातलं, आधी व्याज 18 टक्के होतं. वेगळा मेल केला नव्हता, साइटच्या तळाची लिंक बदलली. आमचा करार कायदेशीर आहे का?

उत्तर:

करार झालेला आहे, आणि मुद्दल मिळवण्यात सहीचा अभाव आडवा येऊ नये. पण 24 टक्के व्याज आणि लवादाचं कलम यांवर मी तुमच्या जागी भिस्त ठेवणार नाही. या दोन गोष्टींची कारणं वेगळी आहेत, म्हणून वेगवेगळी सांगतो.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 10 ला करारासाठी सक्षम पक्षकार, खुली संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश एवढंच लागतं. लेखी स्वरूप किंवा सही तिथे फक्त तेव्हाच लागते, जेव्हा दुसरा एखादा कायदा तसं म्हणतो. सॉफ्टवेअरच्या वर्गणीबाबत तसं कोणताही कायदा म्हणत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मध्ये 2008 च्या दुरुस्तीने कलम 10-अ आलं. त्यानुसार प्रस्ताव किंवा स्वीकृती इलेक्ट्रॉनिक नोंदीतून दिली गेली, केवळ एवढ्या कारणाने करार अंमलबजावणीला अपात्र ठरत नाही. यातला ‘केवळ’ हा शब्द नीट वाचा. इलेक्ट्रॉनिक असणं हा दोष राहिला नाही, पण बाकीचे सगळे आक्षेप, म्हणजे संमती नव्हती, अधिकार नव्हता, अट कळवलीच नव्हती, हे जसेच्या तसे उभे राहतात. कोर्टात भांडण होतं ते याच आक्षेपांवर.

मेलवरच्या स्वीकृतीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम हा निकाल तुमच्या कामाचा आहे. ऑक्टोबर 2007 मध्ये बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा दोन पक्षांनी मेलवर ठरवला. रीतसर कराराचा मसुदा इकडून तिकडे फिरत राहिला, त्यावर सही व्हायच्या आतच खरेदीदाराने माघार घेतली आणि करार झालाच नाही असा पवित्रा घेतला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. माल, प्रमाण, किंमत, पुरवठा, पैसे देण्याची पद्धत अशा आवश्यक गोष्टींवर मेलमध्ये एकमत झालं असेल, तर रीतसर कागद व्हायचा राहिला म्हणून झालेला करार मोडत नाही. तुमच्या 2 एप्रिलच्या मेलमध्ये संख्या आहे, मुदत आहे, सुरू होण्याची तारीख आहे, आणि ‘दर मान्य’ असं लिहिलं आहे. एकच दुवा जोडायचा राहतो: कोणता दर? त्या मेलच्या आधी तुम्ही पाठवलेलं कोटेशन त्याच मेलच्या साखळीत आहे का ते बघा. दर युजरमागे महिना 1,000 रुपये आणि जीएसटी वेगळा असं त्यात असेल, तर 60 युजरचे तीन महिन्यांचे 1,80,000, त्यावर 18 टक्के कर धरून 2,12,400, आणि दोन तिमाहींचे बरोबर 4,24,800 होतात. मागणीचा आकडा असा मेलमधूनच निघाला की निम्मा वाद संपतो.

आता ‘त्याला अधिकार नव्हता’ हा बचाव. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 11 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद ज्याच्या वतीने अधिकृत माणसाने पाठवली, त्याचीच धरली जाते. मालक नेमकं ‘अधिकृत’ याच शब्दावर बोट ठेवतील. त्याला उत्तर करार अधिनियमात आहे. ज्या माणसाला मालकाने खरेदी व्यवस्थापक म्हणून बाहेरच्या जगासमोर बसवलं, कंपनीच्या नावाचा मेल पत्ता दिला, त्याच्या अधिकाराच्या आतल्या मर्यादा तुम्हाला माहीत नसतील तर त्या तुमच्यावर लादता येत नाहीत, असं कलम 237 सांगतं. याहून भक्कम गोष्ट पुढची आहे. कंपनीने दोन तिमाहींची बिलं भरली. ती रक्कम मॅनेजरच्या खिशातून आली नाही, कंपनीच्या बँक खात्यातून आली. दुसऱ्याने आपल्या नावावर केलेलं काम अशा वागण्यातून मान्य करणं म्हणजे अनुसमर्थन, आणि ते शब्दांतूनच व्हावं लागतं असं नाही, वर्तनातूनही होतं, हे कलम 197 स्पष्ट म्हणतं. शिवाय थकलेल्या सहा महिन्यांतही त्यांचे लोक लॉगिन करून बिलं काढत होते. मी अशा दाव्यात मेलच्या आधी बँकेचा उतारा आणि लॉगिनची नोंद पुढे ठेवतो, कारण त्यावर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं मालकाला अवघड जातं. आणि समजा न्यायालय करारच झाला नाही अशा मताला आलं, तरी फुकट देण्याचा हेतू नसताना दिलेल्या आणि समोरच्याने लाभ घेतलेल्या सेवेचा मोबदला कलम 70 खाली मागता येतो. दाव्यात ही पर्यायी मागणी लिहायला वकिलाला सांगा.

इथपर्यंत तुमची बाजू चांगली आहे. अडचण टिक करून घेतलेल्या अटींची आहे.

चौकटीवर टिक करून घेतलेल्या अटी आपल्याकडे साच्यातल्या करारासारख्या पाहिल्या जातात. घासाघीस झाली नाही एवढ्याने अशी अट रद्द होत नाही. प्रश्न दोन असतात. समोरच्याला अट वाचायची वाजवी संधी होती का, आणि त्याने मान्य करण्याची स्वतःहून काही कृती केली का? चौकट रिकामी होती, शेजारीच अटींची लिंक उठून दिसत होती, आणि टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्या बाजूने जातात. आधीच टिक केलेली चौकट हा कमकुवत पुरावा आहे, आणि ग्राहक व्यक्ती असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार तशी संमती नोंदवायलाच मनाई आहे. तुमचा ग्राहक व्यापारी कारणासाठी सेवा घेतो, त्यामुळे तो नियम या प्रकरणात लागणार नाही. पण चौकटीचं डिझाइन सगळ्यांसाठी एकच असतं, म्हणून ते तपासून घ्या. साइटच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अटी’ असा दुवा ठेवायचा आणि साइट वापरली म्हणजे संमती धरायची, ही पद्धत याहून बरीच खाली येते. अमेरिकेत 2002 साली स्पेक्ट विरुद्ध नेटस्केप या खटल्यात डाउनलोडचं बटण वर आणि अटींचा उल्लेख स्क्रोल करून खाली गेल्यावर दिसेल असा होता, आणि तिथल्या अपील न्यायालयाने नुसत्या डाउनलोडला त्या अटींची संमती मानलं नाही. आपल्या न्यायालयांना तो निकाल बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क आपल्या कायद्याशी जुळतो. करार अधिनियमाच्या कलम 4 नुसार प्रस्ताव समोरच्याच्या माहितीत येतो तेव्हाच त्याचं कळवणं पूर्ण होतं.

तुमच्या प्रकरणाचं नेमकं दुखणं इथे आहे. ग्राहकाने जून 2023 मध्ये टिक केलं तेव्हा अटींत व्याज 18 टक्के होतं आणि लवाद नव्हता. जानेवारी 2025 मध्ये तुम्ही तळाची लिंक बदलली. ग्राहक रोज थेट लॉगिनच्या पानावर जातो, तळाची लिंक त्याने का उघडावी? झालेला करार बदलायचा तर कलम 62 ला दोन्ही पक्षांची सहमती लागते. ‘आम्ही अटी केव्हाही बदलू शकतो, वापर चालू ठेवला म्हणजे बदल मान्य’ असं वाक्य तुमच्या जुन्या अटींत असेलच, बहुतेकांच्या असतं. ते वाक्य मेल किंवा लॉगिनवेळच्या सूचनेची जागा घेऊ शकत नाही, निदान भार वाढवणाऱ्या बदलासाठी तरी. म्हणून माझा सल्ला: दावा जून 2023 च्या अटींवर करा आणि व्याज 18 टक्के मागा. 24 टक्के मागितलं तर उलटतपासणी अटी कधी बदलल्या याकडे वळते, आणि तिथे तुमची एक खरी कमजोरी समोरच्याच्या हाती लागून ती सगळ्या पुराव्यावर संशय आणते.

लवादाच्या कलमाचंही तेच. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला लवाद करार 2015 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्पष्टपणे चालतो, तेव्हा स्वरूपाचा प्रश्न नाही. पण ज्याच्यावर तो लादायचा त्याने ते कलम कधी पाहिलंच नाही. शिवाय अशा तयार अटींत बहुधा ‘एकमेव लवाद आम्ही नेमू’ असं असतं. वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने एकमेव लवाद नेमणं 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही. ते तुमच्या पुढच्या अटींतून काढा.

आणि एक गोष्ट, जी व्याजाचा वाद बाजूला सारू शकते. तुमची कंपनी हा करार होण्याआधीपासून उद्यम पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उपक्रम म्हणून नोंदलेली असेल, तर एमएसएमईडी अधिनियम, 2006 च्या कलम 16 खाली विलंबित रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज मिळतं, करारात काहीही लिहिलेलं असो. मग 18 की 24 हा प्रश्नच उरत नाही, आणि अशा थकीत रकमांचे वाद हाताळणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करण्याचा वेगळा मार्गही खुला होतो. नोंदणीची तारीख आजच बघा.

आता पुरावा. माझ्या अनुभवात करार वैध की अवैध यावर अशा दाव्यांचा निकाल क्वचितच लागतो. समोरचा वकील साक्षीदाराला विचारतो, ‘त्या दिवशी त्या लिंकवर नेमका कोणता मजकूर होता?’ आणि साक्षीदार आजचं पान दाखवतो. तिथे दावा लंगडा पडतो. तुमच्याकडे निदान अशी एक ओळ डेटाबेसमध्ये हवी:

```
2023-06-14T05:42:10Z user=4417 event=terms_accepted version=2.1 email_verified=true
```

यात कोणी, केव्हा आणि कोणती आवृत्ती, तिन्ही आहे. शेवटच्या `Z` चा अर्थ ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे सकाळचे 11 वाजून 12 मिनिटं. हे प्रतिज्ञापत्रात लिहून टाका, नाहीतर खातं उघडल्याच्या मेलवरची वेळ आणि लॉगमधली वेळ जुळत नाही असं दाखवून नोंद बनावट ठरवण्याचा प्रयत्न होतो. `email_verified` ची नोंद महत्त्वाची, कारण आयपी पत्ता बदलता असतो, पण कंपनीच्या मेल पत्त्यावर गेलेली लिंक कोणीतरी आतल्यानेच उघडलेली असते. आवृत्ती 2.1 चा मूळ मजकूर जपलेला नसेल, तर प्रोग्रामरला कोडच्या जुन्या नोंदींतून त्या तारखेची फाइल काढायला सांगा. बहुधा ती सापडते. मग तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढून ठेवा. विंडोजवर हे एका ओळीत होतं:

```
certutil -hashfile terms-v2.1.pdf SHA256
```

येणारी 64 अक्षरांची ओळ फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण बदलते. आज काढलेला हॅश 2023 ची फाइल तीच होती हे सिद्ध करत नाही, ते काम कोडच्या जुन्या नोंदींचं. पण इथून पुढे ती फाइल कोणी हलवली नाही, हे त्याने दाखवता येतं.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू आहे. त्याच्या कलम 63(4) खालचं प्रमाणपत्र इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत लागतं, जे पूर्वी जुन्या साक्ष्य कायद्यातल्या कलमावरून 65-ब चं प्रमाणपत्र म्हणून ओळखलं जायचं. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जालन्याच्या निवडणूक याचिकेतून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात पक्कं केलं. नव्या कायद्यात नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ नोंद सादर करणारा भरतो, भाग ‘ब’ तज्ज्ञ भरतो, आणि दोन्हींत हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते लिहावं लागतं. तुमच्याकडे भाग ‘अ’ वर सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाची सही घ्या. संचालकाने कधी सर्व्हर उघडलाच नसेल, तर त्याची सही उलटतपासणीत उघडी पडते. मेलचे स्क्रीनशॉट देऊ नका. मूळ मेल `.eml` स्वरूपात उतरवा, त्यात पाठवणाऱ्या सर्व्हरची वाट आणि वेळ असलेले हेडर टिकून राहतात. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या ग्राहकाचं खातं किंवा लॉग साफ करू नका, जागा कमी पडत असली तरी.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या करारांसाठी सहीबद्दल सांगायलाच हवं, कारण यात गैरसमज फार आहेत. सहीचा फोटो पीडीएफवर चिकटवणं ही कायद्याच्या अर्थाने इलेक्ट्रॉनिक सही नाही. मेलवर आलेल्या लिंकवर नाव टाइप करून होणारी सहीसुद्धा, त्यामागे परवानाधारक प्रमाणन संस्थेचं प्रमाणपत्र नसेल तर, कायद्यातली इलेक्ट्रॉनिक सही होत नाही. तरी अशा सहीचा करार रद्दबातल नसतो, संमतीचा पुरावा म्हणून ती चालते. फरक ओझ्याचा आहे. प्रमाणित सही असेल तर ती त्याच माणसाची असल्याचं गृहीत धरण्याची सोय साक्ष्य कायद्यात आहे, आणि नाकारणाऱ्याला ते खोडावं लागतं. नुसतं टाइप केलेलं नाव असेल तर सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. कायद्यातली सही दोन रूपांत मिळते: यूएसबी टोकनवरचं डिजिटल प्रमाणपत्र, किंवा आधारच्या ओटीपीवर होणारी ई-साइन. पहिलीत कागदाचा हॅश सही करणाऱ्याच्या खाजगी किल्लीने कुलूपबंद होतो. सहीनंतर कोणी आकडा बदलला तर पीडीएफ वाचक ते दाखवतो. अॅक्रोबॅटमध्ये ‘Validity Unknown’ दिसलं म्हणजे सही खोटी असं नाही. बहुतेक वेळा त्या संगणकाने भारताच्या मूळ प्रमाणन प्राधिकाऱ्याचं `CCA India` हे प्रमाणपत्र विश्वासू यादीत घेतलेलं नसतं. ते घेतलं की हिरवी खूण येते. मजकूर बदलला गेल्याचा इशारा मात्र वेगळा असतो, तो दिसला तर फाइल स्वीकारू नका.

टोकन हिशेबनीसाच्या ड्रॉवरमध्ये पिनसकट ठेवण्याची सवय मला सगळ्यात धोक्याची वाटते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 42 नुसार किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवणं ही सहीधारकाची जबाबदारी आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती लागल्याचं प्रमाणन संस्थेला कळवेपर्यंत तोच जबाबदार राहतो. ‘सही मी केली नाही, अकाउंटंटने केली’ हा बचाव तिथे फारसा टिकत नाही.

सगळेच दस्त इलेक्ट्रॉनिक होत नाहीत. मृत्युपत्र आणि विश्वस्त पत्र या कायद्याच्या बाहेर आहेत. कुलमुखत्यारपत्र आणि वचनचिठ्ठीसारखे दस्तही बाहेर, फक्त रिझर्व्ह बँक, सेबी अशा नियामकांखालच्या संस्थांच्या बाजूने केलेल्यांना 2022 मध्ये सूट मिळाली. मुद्रांक शुल्काचं मात्र लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात इलेक्ट्रॉनिक नोंदही ‘दस्त’ या व्याख्येत येते. शुल्क भरलं नाही म्हणून करार रद्द होत नाही, पण तो पुराव्यात वाचला जात नाही, आणि मग दंडासह शुल्क भरून तो सुधारून घ्यावा लागतो. तुमच्या मेलच्या साखळीवर असा आक्षेप येऊ शकतो, वकिलाकडून दावा दाखल करण्याआधीच तपासून घ्या.

आता क्रम. आधी नोटीस पाठवा, त्यात 2 एप्रिलचा मेल, भरलेली दोन बिलं आणि थकीत महिन्यांतले लॉगिन एवढंच मांडा, अटींचा उल्लेख 18 टक्क्यांपुरता. दाव्याची रक्कम तीन लाखांच्या वर आणि वाद व्यापारी असल्याने, तातडीचा आदेश मागायचा नसेल तर व्यापारी न्यायालय अधिनियमाच्या कलम 12-अ खाली आधी मध्यस्थीसाठी अर्ज करावाच लागतो, तो टाळून केलेला दावा फेटाळला जातो. पुष्कळशी प्रकरणं मध्यस्थीतच मिटतात, विशेषतः लॉगिनची नोंद टेबलावर आली की. मुदत तीन वर्षांची आहे आणि ती दोन्ही बिलांसाठी स्वतंत्र मोजा, प्रत्येक बिल ज्या दिवशी देय झालं त्या दिवसापासून. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, नोटिशीच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वगळला जात नाही.